चंद्रकला फळ्यावर उमटताना: फुकट साधनांनी विज्ञानाचा व्हाइटबोर्ड व्हिडिओ कसा करायचा

संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास असतो हे आमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं, कारण तोवर घरात जेवण अडलेलं असतं. पण चंद्र अर्धाच का दिसतो असं विचारलं, की निम्म्याहून जास्त हात वर होतात आणि उत्तर येतं, "बाई, पृथ्वीची सावली पडते म्हणून." ही समजूत नुसत्या बोलण्याने हलत नाही. फळ्यावर आकृती काढावी तर मुलांना तयार आकृती दिसते, ती तयार होताना आपली पाठ दिसते. त्यासाठी मी अडीच मिनिटांचा व्हिडिओ केला. पांढऱ्या पटलावर रेघ उमटत जाते आणि मागे आवाज चालू असतो, अशा प्रकारचा. तो कसा केला ते सगळं इथे लिहिते आहे. विषय चंद्रकलांचा घेतला आहे, कारण त्यात चुका करायला भरपूर वाव आहे आणि त्यातल्या बहुतेक मी करून बसले आहे.

साधनं तीन, तिन्ही फुकट: चित्रासाठी क्रिटा (`krita.org`), आवाजासाठी ऑडॅसिटी (`audacityteam.org`) आणि जोडणीसाठी शॉटकट (`shotcut.org`). माझा लॅपटॉप जुना आहे, तरी तिन्ही चालतात. पेन टॅबलेट असेल तर काम सोपं होतं, अगदी साधा पुरतो. माउसने रेघा काढता येतात, पण माउसने देवनागरी अक्षरं लिहिणं म्हणजे डाव्या हाताने रांगोळी. माउसच असेल तर चित्रं तिथे काढा आणि नावं शेवटी शॉटकटमध्ये टाइप करून घाला.

आधी बोलायचं काय ते ठरवा

बरेच जण आधी चित्रं काढतात आणि मग त्यांवर बोलतात. मीही पहिल्यांदा तेच केलं. चित्र सुंदर झालं, पण बोलणं त्याच्यामागे धावायला लागलं. आता माझा क्रम ठरलेला आहे: आधी संहिता, मग आवाज, मग चित्र. आवाजाची लांबी एकदा पक्की झाली की कोणत्या चित्राला किती सेकंद मिळणार ते आपोआप ठरतं.

समजावून सांगताना मी मिनिटाला साधारण 110 शब्द बोलते. तुमचा वेग काढायचा तर घड्याळ लावून एखादा परिच्छेद मुलांसमोर बोलल्यासारखा मोठ्याने वाचा. अडीच मिनिटं म्हणजे माझ्यासाठी पावणेतीनशे शब्द. एवढ्यात एकच गैरसमज मोडता येतो. चंद्रकलांसोबत ग्रहणं, भरती-ओहोटी आणि चंद्राची एकच बाजू का दिसते, हे सगळं कोंबलं तर काहीच हाती लागत नाही. मी एकच वाक्य कागदावर लिहून समोर चिकटवलं होतं: "चंद्राचा निम्मा भाग कायम उजळलेला असतो, आपल्याला त्यातला किती दिसतो ते बदलतं." ज्या ओळीचा या वाक्याशी संबंध नाही ती कापली.

भाषा बोलण्यातली हवी. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, "चंद्राच्या प्रकाशित भागाच्या दृश्य आकारात दररोज होणाऱ्या बदलास चंद्रकला असे म्हणतात." हे वाचताना माझाच श्वास संपला. दुसऱ्या खर्ड्यात त्याचं असं झालं: "काल अष्टमी होती. चंद्र निम्मा दिसला. उरलेला निम्मा गेला कुठे? कुठेही गेला नाही. तो तिथेच आहे, पण अंधारात." दुसऱ्या खर्ड्याचा आणखी एक फायदा म्हणजे प्रत्येक छोट्या वाक्याला एक रेघ मिळते. निम्मा गोल, मग प्रश्नचिन्ह, मग उरलेल्या निम्म्याची तुटक कड. वाक्य ऐकताना काय काढायचं ते डोळ्यांसमोर आलं नाही, तर ते वाक्य व्हिडिओचं नाही.

संहितेचे मी पाच तुकडे केले. पहिला, चार तिथींचे चार चंद्र आणि प्रश्न. दुसरा, विजेरीसमोर धरलेला चेंडू, ज्याचा निम्मा भाग नेहमी उजळलेला. तिसरा, पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र वरून पाहिल्यावर. चौथा, तोच चंद्र पृथ्वीवरून कसा दिसतो. पाचवा, सावलीचा गैरसमज का चुकतो.

आवाज

घरातली सर्वांत कोंदट खोली निवडा. माझी म्हणजे गाद्या आणि गोधड्या रचलेली कोपऱ्यातली खोली. मऊ कापड आवाजाचा प्रतिध्वनी खातं. रिकाम्या वर्गात रेकॉर्ड केलेला आवाज विहिरीतून आल्यासारखा लागतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. पंखा बंद, फ्रिजपासून लांब. कुकरच्या शिट्ट्या संपल्यावरच बसा. फोन किंवा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा, पण अगदी समोर नको, जरा बाजूला, म्हणजे "फ" आणि "भ" म्हणताना हवेचा फटका बसत नाही.

बोलायला सुरुवात करण्याआधी पाच सेकंद गप्प बसा. या पाच सेकंदांत खोलीचा जो घूं घूं आवाज येतो तो नमुना म्हणून लागतो. ऑडॅसिटीत तेवढा भाग निवडून `Noise Reduction` मध्ये `Get Noise Profile` दाबायचं, मग सगळा आवाज निवडून तोच परिणाम लावायचा. घट 6 ते 12 डेसिबलच्या आत ठेवा. त्याहून जास्त केली की आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा होतो, आणि "स", "श" ही अक्षरं आधी विरघळतात. ऐकताना ती अक्षरं पातळ वाटली तर मागे या. मग `Loudness Normalization` मध्ये -16 LUFS ठेवून WAV फाइल काढायची. फोनवर केलेली m4a फाइल ऑडॅसिटी कधी कधी उघडतच नाही, कारण त्यासाठी FFmpeg नावाचं सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागतं. त्यापेक्षा फोनमध्येच WAV देणारं रेकॉर्डर ॲप वापरणं सोपं.

चुकलं तर थांबू नका. एक टाळी वाजवा आणि ते वाक्य पुन्हा म्हणा. टाळीचा उंच टोकदार सुळका ऑडॅसिटीच्या पडद्यावर लांबूनच दिसतो, त्याआधीचं चुकलेलं वाक्य कापून टाकायचं.

आता पाच तुकडे किती सेकंदांचे झाले ते लिहून ठेवा. माझे होते 22, 26, 38, 36 आणि 30, म्हणजे एकूण 152 सेकंद.

चित्र बरोबर आहे ना?

रेघ ओढण्याआधी मी कागदावर कच्ची आकृती काढते, आणि या विषयात सगळा वेळ इथेच जातो. चंद्रकलेच्या आकृतीत चार ठिकाणी हमखास पाय घसरतो.

पहिली गोष्ट, सूर्य कोणत्या बाजूला. मी पहिल्या खेपेला सूर्य डावीकडे काढला. वर्गात दाखवल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, उजेड डावीकडून येतोय, मग अष्टमीचा चंद्र उजवीकडे का उजळला?" तिचं बरोबर होतं, आणि माझी आकृतीही चूक नव्हती. सूर्य डावीकडे असला की शुक्ल अष्टमीचा चंद्र कागदाच्या खालच्या बाजूला येतो. पृथ्वीवरून खाली पाहणाऱ्या माणसाचा उजवा हात कागदाच्या डावीकडे असतो, म्हणून सगळं उलटं वाटतं. सूर्य उजवीकडे काढला की भानगड मिटते. उत्तर ध्रुवाच्या बाजूने पाहिलं तर चंद्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. म्हणजे अमावस्या उजवीकडे, शुक्ल अष्टमी वर, पौर्णिमा डावीकडे आणि कृष्ण अष्टमी खाली. शुक्ल पक्षात कागदावरची उजवी बाजू आणि आकाशातली उजवी बाजू एकच राहते. कृष्ण पक्षासाठी चित्र उलटं धरून दाखवावं लागतं, तेवढं एक वाक्य संहितेत घालावं.

दुसरी गोष्ट, चंद्राची काळी बाजू. सूर्य उजवीकडे असेल तर कक्षेतल्या प्रत्येक चंद्राची डावी बाजूच काळी हवी, अपवाद नाही. बऱ्याच आकृत्यांत चंद्र फिरतो तशी त्याची सावलीही त्याच्याबरोबर वळते, आणि सगळ्या धड्याचा अर्थच निघून जातो.

तिसरी गोष्ट, कोरीचा आकार. घाईत चंद्रकोर काढताना आपण एका गोलातून दुसरा गोल कापतो. त्यात कोरीची टोकं अर्ध्याच्या पुढे वळतात, तशी खऱ्या चंद्राची कधीच वळत नाहीत. खऱ्या कोरीची दोन टोकं नेहमी व्यासाच्या दोन टोकांवर असतात. आधी पूर्ण गोल पेन्सिलने काढा, उभा व्यास ओढा, आणि व्यासाची दोन टोकं जोडणारी लंबगोलाची निम्मी कड आत काढा. एका तिथीला चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकतो. तृतीया संपताना अंतर 36 अंश होतं. गोलाची त्रिज्या 100 पिक्सेल असेल तर ही आतली कड मध्यापासून उजवीकडे 81 पिक्सेलवर फुगते. उजळलेला भाग चंद्राच्या फक्त दहाव्या हिश्श्याइतका उरतो. बीज-तीजेची कोर एवढी बारीक का, ते या आकड्यावरून कळतं.

चौथी गोष्ट आपल्या अक्षांशाची. पुस्तकांत कोर बहुतेक उभी असते. महाराष्ट्रातून संध्याकाळी पश्चिमेला पाहिली तर ती कललेली दिसते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तर जवळजवळ बशीसारखी आडवी. मुलं गच्चीवर जाऊन बघतात आणि म्हणतात, पुस्तक चुकलं. म्हणून पहिल्या तुकड्यातल्या चार चंद्रांमधली कोर मी मुद्दाम कललेली काढली.

पाचव्या तुकड्याचं चित्र

सावलीची समजूत तयार होते ती आकृतीतल्या अंतरामुळे. पुस्तकात जागा कमी, म्हणून पृथ्वी चेंडूएवढी आणि चंद्र तिच्या कुशीत. मग सावली त्याच्यावर पडणार असंच वाटतं. म्हणून पाचव्या तुकड्यात मी एक चित्र खऱ्या प्रमाणात काढलं. पृथ्वीचा व्यास 12,742 किलोमीटर, चंद्राचा 3,474, आणि दोघांमधलं अंतर सरासरी 3,84,400. म्हणजे मध्ये तीस पृथ्व्या बसतात. कॅनव्हासवर 1200 पिक्सेलचं अंतर घेतलं तर पृथ्वी 40 पिक्सेलची आणि चंद्र जेमतेम 11 पिक्सेलचा. पडदा जवळजवळ रिकामा दिसतो, आणि तो रिकामाच दिसायला हवा.

चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. त्यामुळे पौर्णिमेला चंद्र सूर्य-पृथ्वीच्या रेषेपासून जास्तीत जास्त पावणेतीन पृथ्व्यांइतका वर किंवा खाली जाऊ शकतो, आपल्या चित्रात 108 पिक्सेल. तिथवर पोचेपर्यंत पृथ्वीची गडद सावली 29 पिक्सेलएवढीच रुंद राहते. चंद्र तिच्यावरून किंवा खालून सटकतो. रेषा ओढून दाखवली की मुलांना ते लगेच दिसतं.

आणखी एक मुद्दा मी शब्दांत ठेवला, चित्र फक्त क्षितिजाचं. शुक्ल अष्टमीला सूर्य मावळत असताना चंद्र डोक्यावर असतो. पृथ्वीची सावली तर सूर्याच्या बरोबर विरुद्ध, म्हणजे पूर्वेला. मग डोक्यावरच्या चंद्रावर ती कशी पडेल? माझ्या मते, सगळ्या व्हिडिओत सर्वांत जास्त काम करणारी ओळ हीच.

क्रिटात रेघ नोंदवणे

पडदा रेकॉर्ड करणारी ॲप वापरली तर मेनू, माउसचा बाण आणि आपलं घुटमळणं सगळंच येतं. क्रिटाच्या आवृत्ती 5.0 पासून त्यातच `Recorder` नावाचं पॅनल आहे. ते फक्त कॅनव्हासचे फोटो घेत राहतं, तेही चित्रात काही बदललं तरच. तुम्ही चहा प्यायला उठलात तर रेकॉर्डिंगमध्ये तो वेळ दिसत नाही. झूम करून बारीक काम केलं तरी व्हिडिओत पूर्ण चित्रच येतं. आवृत्ती 5.2 किंवा पुढची घ्या, म्हणजे व्हिडिओ बनवायला लागणारं FFmpeg वेगळं शोधावं लागणार नाही.

नवी फाइल 1920 × 1080 पिक्सेलची घ्या. `Settings` > `Dockers` > `Recorder` हे पॅनल उघडा. त्यातल्या सेटिंगमध्ये फोटो घेण्याचं अंतर, म्हणजे `Capture interval`, 0.1 सेकंद करा. मुळात ते जास्त असतं, आणि तसंच ठेवलं तर रेघ वाहत नाही, उड्या मारते. पुढे व्हिडिओ काढताना सेकंदाला 30 फ्रेम ठेवले की हाताच्या वेगापेक्षा तिप्पट वेगाने रेघ उमटते. ब्रशसाठी शोधपट्टीत `Fineliner` टाका. जाडी 8 ते 10 पिक्सेल असावी. त्याहून बारीक रेघ फोनवर दिसतच नाही. `Tool Options` मध्ये `Brush Smoothing` खाली `Stabilizer` निवडला की थरथरता हात सरळ होतो.

कच्च्या आकृतीचा फोटो कॅनव्हासवर ठेवायचा असतो, पण नेहमीच्या लेयरवर ठेवला तर तो रेकॉर्डिंगमध्ये येतो. मी ही चूक केली होती, आणि चौथ्या तुकड्यात माझ्या वहीचा डाग उगवला होता. त्याऐवजी `Reference Images` साधनाने फोटो आणा. तो तुम्हाला दिसतो, चित्राचा भाग होत नाही. तरीही खरं काम सुरू करण्याआधी वीस सेकंदांची चाचणी करून, व्हिडिओ काढून बघा: फोटो आला नाही ना, रेघ सलग येते ना.

आता तुकड्याचा आवाज हेडफोनमध्ये लावा आणि ऐकत ऐकत काढा. वेग जुळवायची गरज नाही. क्रम मात्र आवाजाचा पाळा. तिसऱ्या तुकड्यात माझा क्रम असा होता: आधी पृथ्वी, मग उजवीकडून येणारे उन्हाचे तीन बाण, मग कक्षेचा गोल, मग उजवा चंद्र, त्याची डावी बाजू काळी, "अमावस्या" हे नाव, मग वरचा, डावा, खालचा. सूर्याचा गोल काढलाच नाही, काढला तर प्रमाणाचा प्रश्न पुन्हा येतो. फक्त बाण. काळ्या बाजूला पूर्ण भरू नका, चार-पाच तिरप्या रेघा ओढा. भरण्याचं साधन वापरलं की रंग एकदम पसरतो आणि डोळ्याला धक्का बसतो.

प्रत्येक तुकड्याची फाइल वेगळी ठेवा. चूक झाली तर मागे घ्या, व्हिडिओत ती क्षणभर दिसेल, नंतर कापता येते. रंग दोनच: काळा आणि उजेडासाठी एक गडद पिवळा. पिवळा फिका घेतला तर पांढऱ्यावर तो नाहीसा होतो.

अनेक व्हिडिओंत लिहिणारा हात दाखवतात. फुकटच्या सेवांत तो हात मिळतो, सोबत त्यांचा शिक्काही मिळतो. मला हात नको वाटतो, कारण जे काढलं जातंय तेच तो झाकतो.

शॉटकटमध्ये जोडणी

`Settings` > `Video Mode` मध्ये 1080p, 30 fps निवडा. आधी आवाजाची फाइल ऑडिओ ट्रॅकवर टाका, `Ctrl+U` ने तो ट्रॅक येतो. आता पाचही चित्रफिती आवाजाच्या मापात बसवायच्या.

हिशोब साधा आहे. तिसऱ्या तुकड्याचा आवाज 38 सेकंदांचा. क्रिटाने दिलेली चित्रफीत 62 सेकंदांची. पण चित्र पूर्ण झाल्यावर मुलांना ते पाहायला चार सेकंद शांत मिळायला हवेत. म्हणजे 62 सेकंद 34 मध्ये बसवायचे: 62 ÷ 34 म्हणजे सुमारे 1.8. फीत उघडल्यावर `Properties` मधल्या `Speed` समोर 1.8 लिहा, आणि मगच `A` दाबून टाइमलाइनवर टाका. टाइमलाइनवर टाकल्यावर वेग बदलला तर पुढच्या फिती सरकतात आणि मग सगळं पुन्हा लावावं लागतं.

वेग अडीचच्या वर जायला लागला तर मी थांबते. क्रिटाची तिप्पट आधीच धरलेली आहे, त्यावर अडीच म्हणजे हाताच्या साडेसातपट. रेघ कुठून आली ते कळत नाही, चित्र फक्त फुटल्यासारखं दिसतं. अशा वेळी चित्रातलं काहीतरी काढून टाका. चौथ्या तुकड्यात मी आठही तिथींचे छोटे चौकोन काढले होते, वेग 2.9 आला. मग चारच ठेवले.

शेवटचे चार सेकंद धरण्यासाठी फितीच्या अखेरच्या फ्रेमवर जाऊन `File` > `Export` > `Frame` ने चित्र काढा आणि ते तेवढ्या लांबीने पुढे जोडा.

मोठे तुकडे जुळले तरी आतले शब्द हुकतात. "पौर्णिमा" म्हणते तेव्हा पडद्यावर अजून कक्षाच चालू असते. त्यासाठी फीत त्या जागी `S` ने तोडा आणि दोन भागांना वेगवेगळा वेग द्या. नियम एकच पाळला: नाव शब्दाच्या अर्धा सेकंद आधी पूर्ण झालं तर चालतं, नंतर झालेलं चालत नाही. डोळा आधी पोचला तर कान खात्री करतो, कान आधी पोचला तर डोळा शोधाशोध करतो.

एक हलता चंद्र

तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी चंद्र एकदा फिरून दाखवायचा होता. क्रिटात चंद्र पारदर्शक पार्श्वभूमीवर काढला, 1920 × 1080 च्या पूर्ण कॅनव्हासवर, उजवीकडे अमावस्येच्या जागी, आणि PNG केला. शॉटकटमध्ये वरच्या ट्रॅकवर ठेवून `Size, Position & Rotate` फिल्टर लावला आणि कीफ्रेम, म्हणजे कोणत्या क्षणी चित्र कुठे असेल त्या खुणा, चालू केल्या. पूर्ण कॅनव्हासचं चित्र घेतल्यामुळे सुरुवात 0, 0 पासून होते. कक्षेची त्रिज्या 330 पिक्सेल असेल तर पुढच्या जागा अशा:

```
अमावस्या          0,    0
              -97, -233
शुक्ल अष्टमी    -330, -330
             -563, -233
पौर्णिमा        -660,    0
             -563,  233
कृष्ण अष्टमी    -330,  330
              -97,  233
```

वजा म्हणजे डावीकडे किंवा वर. फेरी पूर्ण करायला शेवटी पुन्हा 0, 0 द्या. चारच जागा दिल्या तर चंद्र पतंगाच्या आकारात फिरतो, आठ दिल्या की गोल वाटतो. कीफ्रेमचा प्रकार `Smooth` ठेवा. आकार बदलू नका, आणि `Rotation` ला हातच लावू नका. मी पहिल्यांदा तो फिरवला होता, छान दिसत होता, आणि पौर्णिमेला चंद्राची काळी बाजू सूर्याकडे वळली होती.

दाखवून बघणे

`Export` मध्ये YouTube चा तयार पर्याय घेतला तरी पुरतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर तो दाबून टाकतो आणि बारीक नावं पुसट होतात.

मी आधी दोन विद्यार्थ्यांना आवाज बंद करून दाखवते आणि काय चाललंय ते सांगायला लावते. जिथे ते अडतात तिथे चित्रच कमी पडलेलं असतं. मग आवाजासह दाखवते, लॅपटॉप मिटते आणि कोऱ्या कागदावर अष्टमीची आकृती काढायला सांगते. पहिल्या आवृत्तीनंतर एकाने चंद्र बरोबर काढला, त्याची काळी बाजूही बरोबर, आणि शेजारी लिहिलं, "पृथ्वीची सावली." म्हणजे पाचवा तुकडा त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. पुन्हा पाहिल्यावर कळलं की खऱ्या प्रमाणातला चंद्र 11 पिक्सेलचा असल्याने फोनवर दिसतच नव्हता, मुलांना नुसती रिकामी पाटी दिसत होती. आकार वाढवता येत नव्हता, प्रमाण बिघडलं असतं. म्हणून त्या ठिपक्याभोवती पिवळ्या शाईने एक मोठं वर्तुळ ओढलं आणि बाण देऊन "हा चंद्र" असं लिहिलं. त्या तुकड्याची क्रिटाची फाइल जपून ठेवली होती, म्हणून काम अर्ध्या तासात झालं.

दुसऱ्या आवृत्तीनंतर त्याच मुलाने सावली लिहिली नाही. त्याने विचारलं, "मग अष्टमीला चंद्र दुपारी पण असतो का?" असतो, उगवतोच दुपारी बाराच्या सुमारास. पुढच्या अष्टमीला मधली सुट्टी संपायच्या वेळी आम्ही मैदानावर गेलो, पण तेव्हा तो पूर्वेला नुकताच वर येत होता आणि शेजारच्या इमारतीमागे दडलेला होता. शाळा सुटताना तो दिसला, दिवसाच्या उजेडात फिकट, उजवी बाजू उजळलेली.